लोकमसाठी विचारताना पहिल्याच निरोपात फी लिहावी का?

नवी_गायनॅक

एमएस गायनॅक झालं, बॉन्डचं वर्षही गेल्या महिन्यात संपलं. स्वतःचं काही उभं करण्याआधी सहा-आठ महिने लोकम, म्हणजे मालक डॉक्टर नसताना त्यांच्या जागी बदली काम, करायचा विचार आहे. तालुक्याच्या गावातल्या एका मॅटर्निटी होमला हा निरोप पाठवणार आहे:

"सर, नमस्कार. मी एमएस, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे, पदव्युत्तर पदवीचीही नोंद झाली आहे. प्रत सोबत जोडली आहे. शुक्रवार, शनिवार, रविवार उपलब्ध. अपेक्षित फी दिवसाला ८,००० रुपये. लोकमची गरज असल्यास कळवावे."

बाबा म्हणतात फी काढून टाक, आधी जाऊन भेट. मैत्रीण म्हणते लिहीच, नाहीतर मागाहून पाडून मागतात. तुम्ही काय कराल?

कृष्णाकाठचा

डॉक्टर, मी नर्सिंग होम चालवतो, बावीस वर्षं झाली. बाबांचं ऐका.

असे निरोप मला महिन्याला दोन-तीन येतात. आकडा आधी दिसला की मी मनात हिशेब करायला लागतो, आणि माणूस बाजूलाच राहतो. मला खरं हे कळायला हवं असतं की ही मुलगी रात्री दोनला भूलतज्ज्ञ येईपर्यंत टेबल सांभाळेल का, प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव, पीपीएच झालं तर हात चालेल का, नातेवाइकांशी बोलेल का. बॉन्ड कुठे केलात, तिथे स्वतः किती सिझर केलीत, ते दोन ओळींत लिहा. फी भेटीत ठरते. मी आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत.

फिरती_ओपीडी

सर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे. दोन वर्षं लोकमच करतेय. भेटीत फी ठरते तेव्हा समोर पंचविशी-तिशीतली मुलगी आणि टेबलापलीकडे तिच्या सरांच्या वयाचा माणूस असतो. त्या खोलीत आकडा तिच्या तोंडून निघतच नाही.

माझं झालं ते सांगते. एका हॉस्पिटलशी बोलणं झालं, "दिवसाचे आठ हजार." शुक्रवारी सकाळी नऊला गेले. मालक डॉक्टर लग्नाला परगावी. पहिल्या रात्री दोन नॉर्मल झाल्या. शनिवारी ओपीडी आटोपून जेवायला बसले तर मेकोनियम आलेली बाई, तिचं सिझर. रविवारी पहाटे आणखी एक नॉर्मल. सोमवारी सकाळी नऊला चार्ज दिला. मला वाटत होतं आठ हजार म्हणजे दिवसाची ओपीडी. रात्र आणि सिझर वेगळं. त्यांना वाटत होतं दिवस म्हणजे चोवीस तास, सगळं धरून. मिळाले २४,०००, त्यातून १० टक्के टीडीएस कापून २१,६००. बहात्तर तासांना भागा, तासाला ३०० रुपये. टीडीएस रिटर्न भरल्यावर हिशेबात येतो, त्याची तक्रार नाही. पण भांडायला माझ्याकडे एक ओळही लिहिलेली नव्हती.

म्हणून ताई, फी लिहाच. आणि तुमच्या निरोपातला "दिवसाला" हा शब्द धोक्याचा आहे. कितीपासून कितीपर्यंत?

रात्रपाळी_आरएमओ

८,००० रोज म्हणजे महिन्याला २ लाख ४० हजार! मी बीएचएमएस आहे, नऊ वर्षं आरएमओ म्हणून रात्रपाळी करतो, मला याचा दहावा भागही मिळत नाही. तालुक्याला एवढा पगार कोणी देत नाही. सुरुवात कमीपासून करा, मग वाढवून मागा.

फिरती_ओपीडी

दादा, हा पगार नाही. त्या आठवड्याचे तीनच दिवस म्हणतायत, तेही मालक बाहेर असतील तेव्हाच. बोलावलं नाही तर शून्य. तुम्हाला नऊ वर्षांनी इतकं कमी मिळतं हे वाईटच आहे, पण तो वेगळा विषय आहे.

कृष्णाकाठचा

बहात्तर तासांचं वाचून वाईट वाटलं. "दिवस" स्पष्ट करावा हे मान्य. मी स्वतः लोकम डॉक्टरांना नऊ ते सहाचे वेगळे आणि रात्रीच्या प्रत्येक केसचे वेगळे देतो. पण म्हणून पहिल्या निरोपात आकडा हवाच असं नाही. "दिवस आणि रात्र वेगळे धरून फी ठरवू" इतकं पुरे. आणखी एक, सोनोग्राफीचा उल्लेख नाही तुमच्या निरोपात. आमच्या ओपीडीत निम्म्याहून जास्त बायका सोनोग्राफीच्याच असतात. तो घाला, फीसुद्धा वाढवून मिळेल.

डॉ_मिरजकर

बरोबर. एमएस गायनॅकला सोनोग्राफीचा अधिकार डिग्रीनेच मिळतो, सहा महिन्यांचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही. सरळ लिहा, "सोनोग्राफी करते." मशीन त्यांचं, नोंदणी त्यांच्या सेंटरची. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म नीट भरला की झालं.

जुनी_लेबररूम

थांबा. अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात ही मुलगी अडकेल.

पात्रता डिग्रीने मिळते, खरं आहे. पण पीसीपीएनडीटीत, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्यात, नुसती पात्रता चालत नाही. त्या सेंटरच्या नोंदणीत तिथे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची नावं असतात, आणि प्रोब त्यांनीच धरायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टर बदलायचा किंवा वाढवायचा तर समुचित प्राधिकाऱ्याला किमान तीस दिवस आधी कळवून प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. म्हणजे मालकांचा फोन गुरुवारी आला, तुम्ही शुक्रवारी गेलात आणि मशीन चालू केलं, तर एफ फॉर्मवर सही तुमची आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रात नाव दुसऱ्याचं. तपासणी पथक आलं की पहिल्यांदा हेच ताडून पाहतं. मशीन सील होतं आणि खटल्यात मालकांबरोबर सही करणारीचंही नाव येतं. गर्भलिंग कोणी सांगितलं नाही म्हणून सुटका होत नाही, कागदातली चूकही या कायद्यात महागात पडते.

यातून काही जण पळवाट काढतात, ती तर त्याहून वाईट. मालकांनी आधीच सह्या केलेले कोरे एफ फॉर्म टेबलाच्या खणात असतात आणि सिस्टर म्हणते, "मॅडम, तुम्ही फक्त बघा, सही सरांची आहे." मी एका जागी हे डोळ्यांनी पाहिलं. खण बंद केला, पेशंटला गावातल्या रेडिओलॉजिस्टकडे पाठवलं. त्या दिवशी ओपीडी चाळीसवरून पंधरावर आली, मालक नाराज झाले. होऊ देत.

आता दुसरी बाजू, जी लोक विसरतात. एका डॉक्टरचं नाव एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन सेंटरांवर लागतं. दोन महिन्यांच्या लोकमसाठी नाव लावून बसलात, आणि मग स्वतःचं क्लिनिक काढताना कळलं की दोन्ही जागा भरल्यात, तर आधी तिथून नाव काढायची धावपळ. म्हणून नाव कुठे लावायचं हे फी ठरवण्याआधी ठरवा.

कृष्णाकाठचा

मॅडम, तीस दिवस आधी हे मला माहीत आहे, पण व्यवहारात काय करायचं? मला हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, आठ दिवसांत करायचंय. तोवर दवाखाना बंद ठेवू?

जुनी_लेबररूम

बंद नका ठेवू, सोनोग्राफी बंद ठेवा. मशीनच्या खोलीला कुलूप, किल्ली तुमच्या घरी. लोकम डॉक्टर ओपीडी बघेल, डिलिव्हरी करेल, बाळाचे ठोके बघायला एनएसटी लावेल. सोनोग्राफी लागणारी बाई रेडिओलॉजिस्टकडे जाईल. उत्पन्न बुडेल हे मान्य आहे. पण तुम्ही दरवर्षी सुट्टी घेता, ऑपरेशनही अचानक नाही. एखाद्या विश्वासू डॉक्टरचं नाव आधीच लावून ठेवता आलं असतं.

आणि मुली, तुला अजून एक. प्रिस्क्रिप्शन त्यांच्या लेटरहेडवर लिहिलंस तरी खाली तुझं नाव आणि तुझा नोंदणी क्रमांक हवा. शिक्का करून घे, पर्समध्ये ठेव. इनडेम्निटी पॉलिसी स्वतःच्या नावाची काढ. "हॉस्पिटलची आहे ना" यावर विसंबू नकोस. त्यात तू धरलेली आहेस का ते पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही.

फिरती_ओपीडी

शिक्क्याचं अगदी खरं. मला एक विचारायचंय मॅडम. रविवारी रात्री मी सिझर केलं, सोमवारी चार्ज दिला. बुधवारी टाके ओले झाले तर नातेवाईक मलाच फोन करतात, आणि मालक म्हणतात, "तुमची केस आहे, या." पैसे नाहीत, पेट्रोलसुद्धा नाही. ही जबाबदारी कुणाची?

जुनी_लेबररूम

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत बदली डॉक्टरबद्दल कलम आहे. गैरहजर डॉक्टरच्या हिताची काळजी घ्यायची, आणि तो परतला की सगळे पेशंट त्याच्या हवाली करायचे. म्हणजे बुधवारचा टाका त्यांनी बघायचा. पण "हवाली केलं" हे कागदावर दिसलं पाहिजे. सोमवारी निघताना प्रत्येक दाखल पेशंटच्या केसपेपरवर तारीख, वेळ, तेव्हाची नाडी, बीपी, लघवी, टाक्याची स्थिती लिहून "चार्ज दिला" म्हणून सही कर आणि घेणाऱ्याची सही घे. माझं मत विचारशील तर ऑपरेशनमध्ये काही वेगळं घडलं असेल, तर बोलावलं नाही तरी जाऊन बघ. ते पैशांसाठी नाही.

फिरती_ओपीडी

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. चाळीस किलोमीटरवरून दर वेळी फुकट जाणं म्हणजे मालकांनी फॉलोअप आपल्यावर ढकलणं. फोनवर सांगेन, येण्याचे पैसे आधी ठरवेन.

नवी_गायनॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. सोनोग्राफीचं मला अर्धवटच माहीत होतं. बॉन्डच्या रुग्णालयात नाव लागलेलं होतं, त्यामुळे कधी विचारच केला नाही. निरोप असा बदलला:

"सर, नमस्कार. मी एमएस, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र. कौन्सिलची नोंदणी चालू, पदव्युत्तर पदवीची नोंद झालेली, प्रत सोबत. बॉन्ड उपजिल्हा रुग्णालयात. सिझर स्वतंत्रपणे करते. स्वतःची इनडेम्निटी आहे. शुक्रवार ते रविवार उपलब्ध. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ओपीडी व वॉर्ड, ८,००० रुपये; रात्रीचा कॉल व सिझर वेगळे, भेटीत ठरवू. आपल्या सेंटरवर माझे नाव नोंदले जाईपर्यंत सोनोग्राफी करणार नाही."

कृष्णाकाठचा

याला मी फोन केला असता. तरी ८,००० काढाच, बाकी सगळं ठेवा.

फिरती_ओपीडी

८,००० ठेवाच. आणि रात्रीचाही आकडा लिहा. "भेटीत ठरवू" म्हणजे पुन्हा तीच खोली.

नवी_गायनॅक

रात्रीचा आकडा किती धरू हेच कळत नाहीये. आणि एक राहिलं: ते नाव लावायला तयार झाले, तर दोनपैकी एक जागा त्यांना द्यावी का? मला पुढच्या दिवाळीपर्यंत याच जिल्ह्यात स्वतःचं क्लिनिक काढायचंय.

जुनी_लेबररूम

भेटीत त्यांना विचार, वर्षातले किती दिवस बोलावणार. तीन-चार वेळाच असेल तर जागा देऊ नकोस.