मदत हवी आहे: भावाने साताऱ्यातच नोकरी शोधावी की चाकणला यावं?

मी भोसरीत राहते. धाकटा भाऊ डिप्लोमा मेकॅनिकल आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं सीएनसी लेथवर आहे, हातात १७,००० येतात. आता चाकणहून क्वालिटी इन्स्पेक्टरची ऑफर आहे, सीटीसी २५,०००.

आकडा ऐकून घरचे खूश झाले, पण मी ऑफर लेटर नीट पाहिलं. बेसिक १४,०००. कंपनीचा पीएफ १,६८० सीटीसीतच धरलाय, त्याचा स्वतःचा पीएफ १,६८० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. म्हणजे हातात २१,४४०. कॉट बेसिसवर खोली ३,५००, मेस ३,६००, येणं-जाणं आणि वरखर्च २,०००. उरतात १२,३४०. साताऱ्यात घरी ४,५०० देऊन आणि पेट्रोलचे १,५०० जाऊन ११,००० उरतात. फरक जेमतेम तेराशेचा.

म्हणून पैशासाठी येऊ नकोस, असं मी त्याला सांगितलंय. पण तिथे सीएमएम मशीन आहे. साताऱ्यात तो व्हर्नियर आणि मायक्रोमीटरच्या पुढे गेलेला नाही, आणि तिथल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये सीएमएम नाहीच. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

अडचण अशी की नेमणूक ठेकेदाराच्या पेरोलवर आहे, ७ महिन्यांची. आई तर नकोच म्हणतेय.

चाकणमध्ये क्वालिटीत असलेल्यांनी सांगा: ठेक्यावरच्या मुलाला सीएमएमवर खरंच बसू देतात का, की नुसतं फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेज लावायला ठेवतात? हे होकार देण्याआधी कंपनीला कसं विचारावं? सोमवारपर्यंत कळवायचंय.