लाच देऊन झालेला करार रद्द होतो, मग त्यातलं लवादाचं कलम का नाही?

नचिकेत_पु: फियोना ट्रस्ट विरुद्ध प्रिवालोव हा निकाल वाचून डोकं भणभणलं. रशियाच्या सोव्हकॉमफ्लोट गटातल्या जहाजमालकांचं म्हणणं होतं, आमच्या अधिकाऱ्यांना लाच चारून जहाजं भाड्यानं नेली, म्हणून करार रद्द केले. तरी तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2007 मध्ये सांगितलं, भांडण लवादापुढेच न्या, करारात तसं कलम आहे. करारच राहिला नाही तर कलम कुठून राहतं? हे कोणी पटवून देईल का?

सागरवारे: करार राहिला नाही हे अजून सिद्ध कुठे झालंय? तो एका बाजूचा आरोप आहे, आणि वाद त्याचाच आहे. नुसत्या आरोपानं कलम पडत असतं, तर अडचणीत आलेल्या प्रत्येकानं 'फसवणूक झाली' म्हणून लवाद टाळला असता. इंग्लंडच्या 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 7 तेवढ्यासाठीच आहे. मूळ करार अवैध ठरला म्हणून आपोआप लवादाचा करार अवैध ठरत नाही. घाव थेट लवादाच्या करारावर बसायला हवा. सही खोटी असेल तर दोन्ही एकदमच पडतात. सही करणाऱ्याला कुठलाच अधिकार नसेल तरी तेच. पण अधिकार होता आणि लाच घेऊन त्यानं भाडं पाडून दिलं, तर घाव भाड्याच्या अटींवर बसतो.

नचिकेत_पु: हीच तर पळवाट. लाच नसती तर करारच झाला नसता, मग लवादाला तरी होकार कुठून आला असता?

सागरवारे: मालकांच्या वकिलांनी नेमकं हेच मांडलं होतं. न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी ते मानलं नाही. लवादाचं कलम त्या लाचेमुळेच आत आलं असं काही दिसत नव्हतं. जहाजं शेलटाइम 4 या छापील नमुन्यावर दिली होती आणि लंडनच्या लवादाची सोय त्या नमुन्यातच होती. तरी तुमचा आक्षेप मी सरसकट खोडणार नाही. ज्याला विकत घेतलं त्याचा होकार दोन तुकड्यांत तोडायचा हे मलाही थोडं बळेच वाटतं. पण उलट नियम धरला तर व्यवहार चालणार नाहीत.

कायदेपंडित_नाशिक: एवढी चर्चा कशाला? लवादाला स्वतःचा अधिकार स्वतः ठरवता येतो. आपल्याकडच्या लवाद कायद्याचं कलम 16 तेच सांगतं. लवाद बोलला की कोर्टानं गप्प बसायचं.

सागरवारे: अर्धं बरोबर. लवाद आधी ठरवतो, शेवटचा शब्द मात्र त्याचा नसतो. दल्लाह विरुद्ध पाकिस्तान सरकार बघा. दल्लाह या सौदी कंपनीनं हज यात्रेकरूंच्या घरांसाठी 1996 मध्ये एका ट्रस्टशी करार केला. ट्रस्ट सरकारी अध्यादेशानं उभा राहिला होता. अध्यादेश संपला आणि ट्रस्टही संपला. सरकारनं करारावर सही केली नव्हती, तरी पॅरिसमधल्या लवादानं सरकारलाच पक्षकार मानून सुमारे 2 कोटी डॉलर द्यायला लावले. लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सगळा पुरावा नव्यानं तपासून अंमलबजावणी नाकारली. लवादानं स्वतःच्या अधिकाराबद्दल काय म्हटलं, याला तिथं बंधनकारक किंमत नव्हती. गंमत पुढे आहे. 2011 मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयानं तोच निवाडा रद्द करायला नकार दिला. दोघांनीही फ्रेंच कायदाच लावला होता!

कायदेपंडित_नाशिक: म्हणजे चार वर्षं खर्च करून निवाडा मिळवायचा आणि कोर्टानं पहिल्यापासून मोजायचं? मग लवादाचा उपयोग काय?

नचिकेत_पु: ज्यानं होकारच दिला नाही त्याला लवादाच्या शब्दावर बांधायचं, त्यापेक्षा हे बरं.

तासगाव_बेदाणा: माफ करा, मधेच बोलतो. दलालानं मेलवर करार पाठवला, मी सही केली नाही. आता लंडनला लवाद सुरू केल्याची नोटीस आलीय. सागरवारे म्हणतात कलम वेगळं जगतं, म्हणजे मी अडकलोच ना?

सागरवारे: नाही दादा, तुमचा मुद्दा वेगळा आहे. करार झाला होता पण सदोष होता, तेव्हा ते कलम वाचतं. करार झालाच नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर कलमालाही तुमचा होकार कुठून येणार? पण नोटीस फाडून टाकू नका. भाग घेणार असाल तर पहिल्याच टप्प्यावर, मालाबद्दल एक शब्दही बोलण्याआधी, 'तुम्हाला अधिकार नाही' असा लेखी आक्षेप घ्या. उशीर केलात तर तो हक्क जाऊ शकतो. अजिबात भाग घेणार नसाल तर त्याच इंग्लिश कायद्याच्या कलम 72 खाली थेट इंग्लिश कोर्टात प्रश्न नेता येतो, फक्त त्याचा खर्च सोसेल का ते पाहा. आणि एक विचारतो, त्या करारावर माल पाठवलात का? तिथं लेखी कलमाला सही लागतेच असं नाही, वागण्यातूनही होकार धरतात.

तासगाव_बेदाणा: एक कंटेनर गेला होता. बिलावर त्यांचाच करार क्रमांक आहे.

सागरवारे: मग बिल, मेल आणि दलालाचे सगळे मेसेज घेऊन आजच वकील गाठा. त्या क्रमांकावरच ते बोट ठेवतील.