रेटिंग 4, इन्क्रिमेंट 6 टक्के. रेटिंग 3 वाल्याला 9 टक्के. हे कुठलं गणित?

कंटाळलेली_क्यूए: पुण्यात आयटीत आहे, 9 वर्षं झाली. या वर्षी 5 पैकी 4 रेटिंग मिळालं, टीममध्ये दोघांनाच मिळालंय. रिलीजच्या वेळी सलग तीन शनिवार-रविवार ऑफिसात काढले, पोराच्या वाढदिवसालाही लॅपटॉप उघडा होता. आणि लेटर आलं तर 6 टक्के. माझ्याच ग्रेडचा, 3 रेटिंगवाला मुलगा जेवताना सहज बोलून गेला की त्याला 9 मिळाले. मॅनेजरला विचारलं तर म्हणे "बजेट". मग रेटिंग कशाला देतात, शोभेला? कोणीतरी नीट समजावून सांगा.

जुना_मॅनेजर: ताई, तुमचा फिक्स्ड, म्हणजे ठरलेला पगार किती आणि त्याचा किती, हे आधी सांगा. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, धरू नका. चालत असेल तर ग्रेडचा बँड, म्हणजे त्या ग्रेडचा पगार किती ते किती असतो, तोही विचारून घ्या. कारण बऱ्याच कंपन्यांत टक्का नुसत्या रेटिंगवर ठरत नाही, एक तक्ता असतो. उभं रेटिंग, आडवं तुमचा पगार बँडमध्ये कुठे बसतो ते. बँडच्या तळाशी असलेल्याला त्याच रेटिंगला जास्त टक्के मिळतात आणि वरच्या टोकाला असलेल्याला कमी.

सरळसोट: म्हणजे जास्त वर्षं राहिली म्हणून शिक्षा! हे तक्ते-बिक्ते सगळे नंतरचे बहाणे. बेल कर्व्ह आहे बेल कर्व्ह. किती जणांना वरचं रेटिंग द्यायचं आणि किती जणांना खालचं, हे आधीच ठरलेलं असतं. मायक्रोसॉफ्टनं 2013 ला हे सोडून दिलं, आपल्याकडे अजून तेच चाललंय.

जुना_मॅनेजर: बेल कर्व्ह बऱ्याच ठिकाणी आहे, नाकारत नाही. पण त्यानं रेटिंग दाबलं जातं. हिला तर 4 मिळालंय, म्हणजे त्या चाळणीतून ती पार झाली. टक्का पुढच्या टप्प्यात अडकलाय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात मिसळू नका.

नाशिकचा_बंड्या: बोनसचं काय? कायद्यानं 8.33 टक्के द्यावाच लागतो ना, दिवाळीला? आमच्या कारखान्यात देतात. ताईंनी लेबर ऑफिसला अर्ज टाकावा.

जुना_मॅनेजर: बंड्याभाऊ, तो 1965 च्या बोनस कायद्यातून आलेला बोनस, 2025 मध्ये तो कायदा वेतन संहितेत गेला. 2015 च्या दुरुस्तीत त्याची पगाराची मर्यादा महिना 21 हजार केली होती. ताई त्यात बसत नाहीत. त्यांचा तो व्हेरिएबल पे, कंपनी आणि त्यांच्यातला करार. लेबर ऑफिसचा इथे संबंध नाही.

कंटाळलेली_क्यूए: विचारून आले. मॅनेजर आधी टाळत होता, मग एचआरवाल्या मॅडमनी तोंडी सांगितलं. बँड 9 ते 14 लाख. माझा फिक्स्ड 13.2 लाख. त्या मुलाचा 9.5 (हे त्यानंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं). व्हेरिएबल फिक्स्डच्या 10 टक्के. लेटरमध्ये "कंपनी घटक 70 टक्के, वैयक्तिक घटक 120 टक्के" असं काहीतरी आहे, ते तर मला अजिबात कळलं नाही.

जुना_मॅनेजर: मग आता हिशोब मांडू, शांतपणे वाचा.

आधी रुपये बघा, टक्के नको. 13.2 लाखाचे 6 टक्के म्हणजे 79,200. त्याच्या 9.5 लाखाचे 9 टक्के म्हणजे 85,500. फरक वर्षाला 6,300 रुपये, महिन्याला सव्वापाचशे. टक्क्यात तीनाचा फरक दिसतो, म्हणून जास्त बोचतो.

आता तुमच्या वाढलेल्या पगाराकडे बघा. 13,20,000 मध्ये 79,200 मिळवले की 13,99,200. बँडचं टोक 14 लाख. छतापासून 800 रुपये खाली! हा योगायोग वाटत नाही मला. 7 टक्के दिले असते तर तुम्ही बँडच्या बाहेर गेला असता, म्हणून तुमच्या मॅनेजरकडे 6 च्या वर जायला जागाच नव्हती असं मला दिसतंय. बजेट हे अर्धं उत्तर झालं, छत हे उरलेलं अर्धं. ते त्यानं सांगायला हवं होतं.

आता व्हेरिएबल. तुमचं ठरलेलं 1,32,000. कंपनीचा धंदा अपेक्षेपेक्षा कमी झाला म्हणून सगळ्यांना 70 टक्के, तो कंपनी घटक. मग तुमच्या 4 रेटिंगचा 120 टक्के. 1,32,000 गुणिले 0.7 गुणिले 1.2, म्हणजे 1,10,880. त्या मुलाला 3 रेटिंगवर 100 टक्के धरले तर 95,000 चे 66,500. म्हणजे रेटिंग 4 चं फळ इथे आहे. त्याच्यासारखे 100 टक्के लागले असते तर तुम्हाला 92,400 मिळाले असते. 18,480 रुपये शुद्ध रेटिंगचे.

सरळसोट: वा वा. तीन विकएंडचे 18 हजार, आणि तेही टीडीएस कापून. शिवाय व्हेरिएबल एकदाच, इन्क्रिमेंट दरवर्षी पुढे चालू राहतं, पीएफ-ग्रॅच्युइटी पण बेसिकवरच मोजतात. तिला एकदाचं दिलं आणि त्याला कायमचं. हा हिशोब मांडून तुम्ही कंपनीची बाजू चढवताय.

जुना_मॅनेजर: एकदाचं आणि कायमचं हा मुद्दा पटला, खरा आहे. पण मी बाजू मांडत नाहीये, तिला कळावं म्हणून सांगतोय. समजल्याशिवाय भांडणार कशावर?

मंत्रालय_क्लार्क: आमच्याकडे बघा, सातव्या वेतन आयोगात वर्षाला 3 टक्के. गोपनीय अहवाल अत्युत्कृष्ट असो की चांगला, वाढ सारखीच. कष्ट करणारा आणि चहा पिणारा एकाच रांगेत. तुमचं 6 ऐकून मला हेवा वाटतो, पण नोकरीची शाश्वती आमच्याकडे, हेही खरं.

हिंजवडीवाली: मी त्याच ट्रॅफिकमधली 😅 माझं म्हणणं वेगळंय. विकएंडचे तास कुणी मोजतच नाही. मी दोनदा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळे मॅनेजर मिळून रेटिंग ठरवतात त्या मीटिंगला बसलेय. तिथे मॅनेजर म्हणतो "खूप मेहनत घेते", समोरचे मॅनेजर विचारतात "काय बदललं?" "प्रॉडक्शनमधले बग निम्मे झाले" असं वाक्य लागतं तिथे, "रात्री दोनपर्यंत होती" हे चालत नाही. ताई, रिलीज तुमच्या एप्रिलच्या गोल्समध्ये होता का? नसेल तर तो फुकट गेला.

कंटाळलेली_क्यूए: नव्हता. मध्येच आला. गोल्समध्ये ऑटोमेशन होतं, ते झालं म्हणून 4 मिळालं असावं. म्हणजे ज्या कामानं माझा जीव गेला त्याचा रेटिंगमध्ये उल्लेखच नसेल? हे तर अजूनच वाईट.

हिंजवडीवाली: गोल्स सप्टेंबरला मध्येच बदलून घ्यायचे, सिस्टीममध्ये सोय असते. मी पण हे तिसऱ्या वर्षी शिकले.

जुना_मॅनेजर: आता रेटिंगसाठी भांडू नका, त्यातून पैसे निघणार नाहीत. बँड दरवर्षी थोडे वर सरकतात, पण तुम्ही छताला टेकलाय, पुढच्या वर्षी 5 आलं तरी तेच होणार. काही ठिकाणी छताला टेकल्यावर वाढ न देता एकरकमी रक्कम देतात, ती पुढच्या पगारात धरत नाहीत. मॅनेजरला एवढंच विचारा, पुढच्या ग्रेडला न्यायला काय लागतं आणि कधी.

सरळसोट: आणि तो म्हणणार "पोझिशन नाही". बाहेरून नवीन माणूस मात्र 14 लाखाच्या वर आणतील, तेव्हा बँड आठवत नाही. मी तीन कंपन्या बदलल्या, कारण हेच.

जुना_मॅनेजर: ते होतं. मी स्वतः बाहेरून घेतलेल्यांना आतल्यांपेक्षा जास्त ऑफर दिली आहे, माणूसच मिळत नव्हता. आतल्यांना तेव्हा काय सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

कंटाळलेली_क्यूए: उद्या प्रमोशनचं विचारते. आणि त्या मुलावर उगाच चिडले होते, तो बिचारा 9.5 वर आहे. नवऱ्याला हिशोब दाखवला तर म्हणाला 800 रुपये राहिले ना, त्याचं पोराला क्रिकेटची बॅट घेऊ.