इंदिरानगर नाशिकचं आणि बघणारे बेंगळुरूचे! हॅशटॅग नक्की कोणते टाकायचे?

पोळीघर
मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरून पुरणपोळ्या आणि खव्याच्या पोळ्या करून देते. इन्स्टाग्रामवर मागच्या रीलला साडेतीन हजार व्ह्यूज आले पण ऑर्डर फक्त २, त्यातली एक आमच्याच सोसायटीतली. डीएम आले ते बेंगळुरू आणि इंदूरहून, डिलिव्हरी कराल का म्हणून. टॅग हे होते: #puranpoli #maharashtrianfood #foodie #homemade #indiranagar. मला चार-पाच किलोमीटरच्या आतली गिऱ्हाइकं हवीत, कारण पोळी गरम पोचली पाहिजे. काय बदलू? आणि टॅग कॅप्शनमध्ये टाकायचे की कमेंटमध्ये?

सातपूरकर
ताई, खरं सांगतो, हॅशटॅगचा नाद सोडा. टॅग फॉलो करायची सोयच इन्स्टाग्रामनं डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली, म्हणजे कुणी नाशिकचा टॅग फॉलो केलाय आणि तुमची पोस्ट आपोआप त्याच्यासमोर आली हे आता होतच नाही. इन्स्टाग्रामचा प्रमुख मोसेरी स्वतः सांगून बसलाय की हॅशटॅगनं रीच फारसा वाढत नाही. माझं सातपूरला बॅटरीचं दुकान आहे, एक वर्ष टॅग टाकून पाहिले, एकही माणूस त्यावरून आला नाही. व्हॉट्सॲप स्टेटस आणि सोसायट्यांचे ग्रुप, बास.

गोदाकाठ
सातपूरकर दादा, रीच वाढत नाही हे बरोबर आहे, पण ताईंनी रीच मागितलाच नाहीये. त्यांचा रीच भरपूर आहे, चुकीच्या गावात आहे.

ताई, मी नाशिकमधल्या चार-पाच छोट्या दुकानांचे अकाउंट बघते, त्यावरून सांगते. हॅशटॅगला किलोमीटर कळत नाहीत. ॲपसाठी तो नुसता शब्द आहे, पोस्ट कशाबद्दल आहे ते समजायला. तुम्ही #indiranagar लिहिलं तेव्हा तुमच्या डोक्यात जॉगिंग ट्रॅक होता, पण इन्स्टाग्रामवर त्या शब्दाखाली जे साठलंय ते सगळं बेंगळुरूच्या इंदिरानगरचं, कॅफे, पब, शंभर फुटी रोड. तुमची पोस्ट त्या ढिगात गेली, बेंगळुरूचे डीएम आले यात नवल काहीच नाही. नाशिककरांना हा त्रास जास्तच आहे बरं का. #dwarka लिहाल तर दिल्ली आणि गुजरात, #cidco लिहाल तर नवी मुंबईची घरांची लॉटरी आणि संभाजीनगर, #ambad लिहाल तर अर्धं जालना. म्हणून भागाचं नाव एकटं कधी सोडायचं नाही, त्याला शहर चिकटवायचं: #indiranagarnashik, #cidconashik.

आणि टॅग वापरायच्या आधी तो सर्चमध्ये उघडून बघा. पहिल्या दहा-बारा पोस्ट नीट बघायच्या. दोनच प्रश्न, हे लोक माझ्या गावचे आहेत का, आणि हे खाणारे आहेत की माझ्यासारखे विकणारेच. दुसरा प्रश्न लोक विसरतात. #nashikhomebakers उघडलंत तर तिथे सगळ्या केक करणाऱ्या बायका एकमेकींना लाइक करत असतात, गिऱ्हाईक तिथे केक शोधायला येत नाही. #nashikfood, #nashikfoodies मध्ये कुठे काय खाल्लं ते टाकणारे लोक आहेत, तुमचं गिऱ्हाईक तिथलं.

रीलवाली
टॅग कॅप्शनमध्ये टाकूच नका, पहिल्या कमेंटमध्ये टाका! कॅप्शनमध्ये टाकले की इन्स्टाला जाहिरात वाटते आणि पोस्ट दाबतात, माझ्या मैत्रिणीचं अकाउंट असंच गेलं. आणि जितके जास्त तितकं चांगलं, मी नेहमी ३० चा संच नोट्समध्ये ठेवायचे आणि पेस्ट करायचे, माझे व्ह्यूज कधीच कमी नव्हते.

गोदाकाठ
३० ची मर्यादा होती म्हणून सगळे ३० टाकायचे, पण २०२१ लाच इन्स्टाग्रामनं ३ ते ५ पुरे म्हणून सांगितलं आणि तेही कॅप्शनमध्येच टाका म्हणाले. कॅप्शनमुळे पोस्ट दाबतात हे मी तरी कुठे पाहिलं नाही. कमेंटमध्ये दिसायला स्वच्छ दिसतं हे मात्र मान्य. पण एक बघा, आपण पोस्ट करतो, गॅसवरची पोळी उलटायला जातो आणि कमेंट टाकायची राहून जाते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या कितीतरी पोस्ट अशाच टॅगशिवाय गेल्या होत्या.

सोलापुरी चटणी
माझा अनुभव उलटा आहे. आम्ही शेंगाचटणी विकतो, कुरियरनं सगळीकडे जाते. मी #maharashtrianfood, #marathifood हेच टाकतो आणि पुणे, हैदराबाद, सुरत सगळीकडून ऑर्डर येतात. एकदा फक्त सोलापूरचे टॅग टाकून बघितले तर काहीच नाही, सोलापूरच्या माणसाला इन्स्टावरून चटणी कशाला लागते, कोपऱ्यावर मिळते. ताईंनीही बेंगळुरूचे डीएम सोडू नयेत, व्हॅक्यूम पॅकिंग करावं.

पोळीघर
दादा, चटणी महिनाभर राहते, पोळी दुसऱ्या दिवशी कडक होते. खव्याची तर मी पाठवणारच नाही, उन्हाळ्यात वाटेत खराब झाली तर नाव माझं जाणार. मला खरंच जवळचेच हवेत.

गोदाकाठ
दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. माल किती लांब जातो तेवढा लांबचा टॅग, चटणीला महाराष्ट्र चालतो, पोळीला पाथर्डी फाट्यापासून मुंबई नाक्यापर्यंत.

ताई, तुमच्या पाच टॅगांपैकी #foodie आणि #homemade आधी काढा. त्यात जगभरातलं काहीही येतं, हातानं विणलेल्या मोज्यांपासून. #puranpoli ठेवा, पदार्थ काय आहे ते ॲपला कळू दे. मग #nashikfood, #nashikfoodies, #indiranagarnashik, आणि पाचवा #puranpolinashik. शेवटचा अगदी बारीक आहे, पण होळीच्या आधी कुणी नाशकात पोळी शोधलीच तर तिथे पाच-सात पोस्टमध्ये तुमची असेल.

आता जागा. कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकी more दाबल्यावर. तुमची पहिली ओळ मी बघितली, ‘आजीच्या हातची चव, प्रेमानं बनवलेली’ अशी आहे. त्यात गाव नाही, पदार्थ नाही. सर्च आता कॅप्शनमधले साधे शब्दही धरतं, म्हणून पहिली ओळ अशी करा: ‘नाशिक इंदिरानगरमध्ये ताज्या पुरणपोळ्या, शनिवारच्या ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत’. टॅग सगळे शेवटी. आणि प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘पोळीघर’ आहे ते ‘पोळीघर | Puranpoli Nashik’ करा, तो रकाना सर्चमध्ये येतो. एकदाच विचार करून बदला, १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं.

सातपूरकर
म्हणजे शेवटी पहिली ओळ आणि प्रोफाइलच महत्त्वाचं, मी तेच म्हणत होतो, टॅगचं काम उरलं कुठे?

गोदाकाठ
उरलंय, पण छोटं. टॅगमुळे ऑर्डरी धो धो येतील असं मी सांगणार नाही. पण चुकीचा टॅग नुकसान करतो हे ताईंच्या डीएमवरून दिसतंयच. रोज वीस जणांना ‘बेंगळुरूला देत नाही’ लिहीत बसायचं हे पण कामच आहे की. बॅटरीचं म्हणाल तर तिथे तुमचं बरोबर असेल, गाडी बंद पडल्यावर माणूस इन्स्टा उघडत नाही, गूगल मॅप उघडतो.

पंचवटीतली
लोकेशन टॅगबद्दल कुणी बोललंच नाही! पोस्टच्या वर नावाखाली ठिकाण येतं ना, ते हॅशटॅगपेक्षा वेगळं आहे आणि जवळचे लोक मिळवायला मला तेच जास्त उपयोगी पडलं. माझं मेंदीचं काम आहे. मी तर गावातल्या मोठ्या मॉलचं लोकेशन टाकते, तिथे लोक जास्त बघतात.

पोळीघर
पण मी घरून करते. घराचा पत्ता सगळ्यांना दिसावा असं मला नाही वाटत, मिस्टर दिवसभर बाहेर असतात.

गोदाकाठ
पत्ता टाकायचा नाहीच. ठिकाण शोधताना इंदिरानगर लिहिलं की बेंगळुरूचं वर येईल, खाली सरकून ज्याच्यापुढे नाशिक लिहिलंय ते निवडा, तेवढं पुरे. बिल्डिंगचं नाव डीएममध्ये, ऑर्डर पक्की झाल्यावर. मॉलचं लोकेशन मला पटत नाही, माणूस तिथे मेंदी लावून मिळेल म्हणून येतो आणि तुम्ही नसता.

पंचवटीतली
मी डीएममध्ये लगेच सांगते की घरी येऊन काढते. अजून कुणी चिडलं नाही. आणि लग्नाची खरेदी करणाऱ्या मुली मॉलमध्येच असतात, तिथलं लोकेशन उघडून बघतात, माझ्या निम्म्या नवऱ्या अशाच मिळाल्यात.

रीलवाली
होळीला #holi टाका ताई, ट्रेंडिंग असतो.

सातपूरकर
त्यापेक्षा #rangpanchaminashik, नाशकात रंग रंगपंचमीला, रंगाचे जुने हौद, म्हणजे रहाडी, तेव्हाच उघडतात, सगळं गाव तेव्हा फोन काढून असतं.

पोळीघर
रंगपंचमी होळीनंतर पाच दिवसांनी, तोवर पोळी कोण घेणार? पोळीची ऑर्डर होळीच्या दोन दिवस आधी पक्की होते. #holi मध्ये तर मथुरेचे रंगच दिसतात, मी उघडून बघितलं आत्ताच. गोदाकाठताई म्हणाल्या तसं करते, फक्त गाव चिकटवून #holinashik.

पोळीघर
तीन आठवड्यांनी लिहितेय. दर ऑर्डरला ‘कुठे बघितलंत?’ विचारायचं आणि वहीत लिहायचं असं ठरवलं होतं. व्ह्यूज पडले, आता चारशे-पाचशेच येतात, पहिल्या आठवड्यात फार वाईट वाटलं आणि जुने टॅग परत टाकावेत असं दोनदा मनात आलं. बेंगळुरूचे डीएम बंद झाले. वहीत ११ नव्या ऑर्डर आहेत. त्यातल्या ४ जणी म्हणाल्या इन्स्टावर नाशिक पुरणपोळी असं शोधलं, २ जणींनी लोकेशनवरून बघितलं, एका गोविंदनगरच्या मुलीनं #nashikfoodies मध्ये बघून आईसाठी घेतल्या. बाकी ४ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

सातपूरकर
बघा, ४ व्हॉट्सॲपच्या! आणि शोधून आलेल्या ४ पहिल्या ओळीमुळे की टॅगमुळे, हे कसं कळणार?

गोदाकाठ
हे वहीतून नाही कळणार, खरंय. एक आठवडा पहिली ओळ तीच ठेवून टॅग अजिबात टाकू नका ताई, मग बघू. फक्त सणाचा आठवडा धरू नका, तेव्हा काहीही केलं तरी ऑर्डरी येतात.

पोळीघर
पुढच्या सोमवारपासून करते. आणि Nasik असं स्पेलिंग लिहिणारेही दिसले सर्चमध्ये, #nasikfood पण टाकू का? पाचातला कुठला काढू मग?