पुस्तकाचं नाव वाचकासाठी ठेवायचं की सर्चसाठी?

गिरगावकर_सेक्रेटरी: आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. पहिल्या सभेपासून नव्या घराची चावी हातात येईपर्यंतचा अनुभव आणि कागदपत्रांची माहिती असं पुस्तक लिहून झालंय. मला नाव हवंय 'भिंती पडताना'. प्रकाशक म्हणतात, 'सोसायटी पुनर्विकास मार्गदर्शक' ठेवा, नाहीतर ऑनलाइन कुणाला सापडणार नाही. काय करू?

शाईपेन: 'भिंती पडताना' सोडू नका. ज्याचं राहतं घर पाडणार आहेत त्याला ते दोन शब्द थेट लागतात. 'मार्गदर्शक' म्हटलं की शाळेतलं गाईड आठवतं. सर्चचे शब्द टाकायला किंडलवर सात वेगळे रकाने असतात, वाचकाला ते दिसतही नाहीत. तिथे काय हवं ते भरा. मुखपृष्ठ कशाला बिघडवायचं?

पानोपानी: मी ई-पुस्तकांच्या नोंदी भरायचं काम करते. ते सात रकाने आहेत हे खरं, पण ते त्या एका दुकानापुरतेच. गूगलला किंवा पुण्यातल्या पुस्तकविक्रेत्याच्या साइटला ते दिसत नाहीत. सगळीकडे पुस्तकाबरोबर जातं ते शीर्षक आणि उपशीर्षक. म्हणून नाव तुमचंच ठेवा आणि काम उपशीर्षकाला द्या.

पण प्रकाशकांचा शब्दही मला पटत नाही. नुसतं 'पुनर्विकास' शोधून बघा. धारावी आणि रेल्वे स्थानकांच्या बातम्यांचा ढीग येईल. तुम्ही स्वतः वर काय लिहिलंय? 'सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली'. लोक बोलतात तेच टाइप करतात.

आता मराठीतली खरी अडचण. 'सोसायटीच्या पुनर्विकासाची वाटचाल' असं उपशीर्षक छान वाचलं जातं, पण त्यात 'सोसायटी' आणि 'पुनर्विकास' हे शब्द सुटे उरलेच नाहीत. एकाला 'च्या' चिकटलं, दुसऱ्याचा 'पुनर्विकासा' झाला. गूगल बऱ्याचदा सांभाळून घेतं. लहान दुकानांचा सर्च अख्खा शब्द जुळवत असेल तर पुस्तक येतच नाही. मुख्य शब्द एकदा तरी प्रत्ययाशिवाय यायला हवा. मी असं करेन:

भिंती पडताना
सोसायटी रिडेव्हलपमेंट: पहिल्या सभेपासून नव्या घराच्या चावीपर्यंत

'पुनर्विकास' वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात घ्या, तोही सुटा. आणि बरेच जण इंग्रजी कीबोर्डवरूनच शोधतात, तेव्हा वर्णनात कुठेतरी society redevelopment marathi book हेही असू द्या.

माळरान: माझं पुस्तक शेळीपालनावर आहे, नाव 'दारातलं धन'. उपशीर्षक होतं 'शेळीपालन: दहा शेळ्यांपासून सुरुवात'. तरी 'शेळीपालन' शोधलं की माझं पुस्तक यायचं नाही. तीन महिन्यांनी कळलं की उपशीर्षक फक्त मुखपृष्ठाच्या चित्रावर होतं, दुकानाच्या नोंदीत कुणी टाइपच केलं नव्हतं. चित्रातली अक्षरं त्या सर्चला वाचता येत नाहीत. मग सांगा, उपशीर्षकाचा उपयोग काय?

पानोपानी: @माळरान, उपशीर्षक बरोबरच होतं, चूक नोंदीत झाली. उपशीर्षकाचा वेगळा रकाना असतो, तो भरून घ्या. मुखपृष्ठावर आहे तेच, अक्षर न बदलता.

ठराव_मंजूर: गृहनिर्माण संस्थांची कामं बघतो. उपशीर्षकात सहकारी संस्था कायद्यातलं पुनर्विकासाचं 'कलम 79अ' हवंच. कमिटीवाले तेच शोधतात. शिवाय '2019 च्या नियमांनुसार' टाका, म्हणजे माहिती ताजी आहे हे कळेल.

पानोपानी: वर्षाला माझा विरोध. 79अ खालचे 2009 चे निर्देश 4 जुलै 2019 च्या निर्देशांनी बदलले. 2009 मुखपृष्ठावर छापलेलं पुस्तक त्या दिवशी जुनं झालं, आतली निम्मी माहिती उपयोगी असली तरी. आणि बाजारात आल्यावर शीर्षक बदलायचं तर नवा आयएसबीएन घ्यावा लागतो. 79अ वर्णनात घ्या.

ठराव_मंजूर: जुनं व्हायलाच हवं! जुन्या नियमांवर सही करून फसलेले सभासद मी पाहिलेत. पुस्तक कधीचं आहे ते कव्हरवरच दिसलं पाहिजे.

शाईपेन: उपशीर्षकाचं पटलं. पण 'रिडेव्हलपमेंट' मुखपृष्ठावर आणि 'पुनर्विकास' आत लपवलेला, हे मला खुपतं. आपणच मराठी शब्द मागे ठेवला तर तो कुणी शोधणार कसा?

गिरगावकर_सेक्रेटरी: आत्ताच बायकोला म्हटलं, मोबाईलवर आमच्या विषयाचं पुस्तक शोध. तिने टाइप केलं 'सोसायटी रिडेवलपमेंट पुस्तक'. 'व्ह' नाही, नुसता 'व'. @पानोपानी, आता हे कुठे बसवू?

पानोपानी: हे मात्र त्या सात रकान्यांतल्या एकात. 'रीडेव्हलपमेंट' दीर्घ री घालूनही लिहितात, तेही तिथेच. मुखपृष्ठावर 'रिडेव्हलपमेंट'च राहू दे. बाकीच्या घरांतही दोघातिघांना असंच टाइप करायला सांगा, आणि काय येतं ते इथे टाका.