मदत हवी आहे: चित्रीकरणाची तारीख आणि ठिकाण भरलं, तरी प्रेक्षकांना दिसत नाही

जुनीफीत
नमस्कार मंडळी. १९९८ साली वडिलांनी हँडीकॅमवर आजीला बोलतं केलं होतं. ती सगळी कॅसेट मी डिजिटल करून घेतली आणि तिचे सहा भाग यूट्यूबवर टाकले. स्टुडिओमध्ये Show more उघडून खाली Recording date and location इथे १७ मे १९९८ ही तारीख निवडली, ठिकाणही शोधून भरलं आणि सेव्ह केलं. पुन्हा उघडलं तर दोन्ही गोष्टी जागच्या जागी आहेत.

पण दुसऱ्याच्या फोनवर व्हिडिओ लावला तर खाली ११ फेब्रुवारी २०२४ दिसतं, म्हणजे मी अपलोड केला तो दिवस. १९९८ कुठेच नाही. आजी २००३ मध्ये गेली, त्यामुळे ही चूक मनाला फार लागते. कालच एकाने विचारलं, "आजी आता कशा आहेत?" माझं काय चुकतंय?

सरळरेघ
चूक तुमची नाही. सेटिंग प्रायव्हेट राहिलं असेल. व्हिडिओ पब्लिक करून चोवीस तास थांबा, तारीख आपोआप बदलेल.

जुनीफीत
सरळरेघ, व्हिडिओ पहिल्यापासून पब्लिकच आहे आणि भरून तीन आठवडे झाले.

कातरवेळ
जुनीफीत, थांबून उपयोग होणार नाही. या दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. प्रेक्षकाला दिसते ती प्रकाशनाची तारीख. व्हिडिओ जगासाठी खुला झाला त्या क्षणी ती ठरते आणि तुम्हाला मागे नेता येत नाही. तुम्ही भरली ती चित्रीकरणाची तारीख. ती व्हिडिओच्या नोंदीत जाते, पण व्हिडिओच्या पानावर तिला जागाच दिलेली नाही. तुमचं बटण चुकलेलं नाही. तिथे ती दाखवतच नाहीत.

नोंद झाली आहे का, हे मात्र पाहता येतं. यूट्यूबच्या डेटा एपीआयची स्वतःची की असेल तर ब्राउझरमध्ये हे टाका:

```
https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=snippet,recordingDetails&id=VIDEO_ID&key=API_KEY
```

उत्तरात बरंच काही येईल. त्यातल्या या दोन ओळी शोधा:

```
"publishedAt": "2024-02-11T09:12:44Z"
"recordingDate": "1998-05-17T00:00:00Z"
```

वरची ओळ प्रेक्षक पाहतात, खालची तुम्ही भरलेली. आकडे अर्थात तुमच्याकडे थोडे वेगळे येतील.

मोगरा
मला उलटी भीती आहे. मी घराच्या गच्चीवरून पक्ष्यांचे व्हिडिओ टाकते आणि सुरुवातीला हौसेने घराचं ठिकाण भरलं होतं. पानावर दिसत नाही, म्हणजे ते कुणालाच कळत नाही ना?

कातरवेळ
मोगराताई, असं समजू नका. पानावर न दिसणं वेगळं आणि गुप्त असणं वेगळं. वर दिलेली विनंती पाठवायला व्हिडिओचा मालक असावं लागत नाही. व्हिडिओ पब्लिक असेल तर कुणीही स्वतःची की वापरून recordingDetails मागू शकतो. शिवाय त्याच एपीआयच्या शोधात अक्षांश-रेखांश आणि त्रिज्या देऊन आसपासचे व्हिडिओ काढायची सोय आहे. घराचं ठिकाण आजच काढून टाका. रकाना रिकामा करून सेव्ह करा आणि प्रत्येक व्हिडिओवर वेगळं करा, एकावर काढलं म्हणून बाकीच्यांवरून जात नाही.

मोगरा
बापरे. आत्ताच करते. आणि फोन स्वतःच फाइलमध्ये ठिकाण लिहितो, त्याचं काय?

कातरवेळ
कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल तर फोन मूळ फाइलमध्ये ते लिहितो. यूट्यूब प्रेक्षकाला मूळ फाइल देत नाही, नव्याने तयार केलेली प्रत दाखवतं, त्यामुळे त्या वाटेने ते पुढे जात नाही. पण तीच मूळ फाइल कुणाला ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत तर ठिकाण सोबत जातं.

पहाटवारा
मी मूळ फाइलमधूनच तारखा काढून वहीत लिहितो आणि मग भरतो. एकदा फसलो होतो. रात्री उशिराचं चित्रीकरण होतं, नक्की १४ जानेवारी, आणि फाइल १३ म्हणत होती. फोन बिघडला असं वाटलं. हे बघा:

```
ffprobe -v error -show_entries format_tags clip.mp4
TAG:creation_time=2024-01-13T20:10:05.000000Z
```

शेवटचा Z पाहायला विसरलो होतो. ती जागतिक वेळ आहे. त्यात आपले साडेपाच तास मिळवले की २५:४० होतात, म्हणजे १४ तारखेची पहाट, एक वाजून चाळीस मिनिटं. तेव्हापासून पहाटे साडेपाचच्या आतलं काहीही असलं की एक दिवस पुढे करून घेतो. पण माझा जुना कॅमेरा स्थानिक वेळच Z लावून लिहितो, त्याला हा हिशेब लावला तर उलट चूक होते. म्हणून त्याच दिवसाची एखादी खात्रीची क्लिप पडताळून पाहतो.

जुनीफीत
माझ्या फाइलमध्ये तर २०२४ चीच तारीख आहे!

पहाटवारा
तुमच्याकडे ती डिजिटल केली तो दिवस आहे. कॅसेटमधला दिवस नव्या फाइलला कुठून कळणार? चित्राच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने तारीख छापली असेल तर तीच खरी धरा, अर्थात त्या वेळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. नाहीतर कॅसेटच्या वेष्टनावर वडिलांनी काही लिहिलंय का ते पाहा.

जुनीफीत
वेष्टनावर त्यांच्या अक्षरात १७ मे लिहिलंय. कोपऱ्यात १ जानेवारी आहे.

पहाटवारा
मग वेष्टन. घड्याळ न लावलेल्या कॅमेऱ्यात पुष्कळदा १ जानेवारीच दिसते.

सरळरेघ
तारखेचं पटलं, माझंच चुकलं. पण ठिकाण दिसतं बरं का. माझ्या एका व्हिडिओवर शीर्षकाच्या वर निळ्या अक्षरांत आलं होतं, दाबलं की त्याच ठिकाणचे इतर व्हिडिओ यायचे.

कातरवेळ
सरळरेघ, ठिकाणाबाबत तुम्ही बरोबर आहात, तशी ओळ मीही पाहिली आहे. पण भरलेल्या प्रत्येक व्हिडिओवर ती येतेच असं नाही. एपीआयच्या दस्तऐवजातही recordingDetails मधले ठिकाणाचे रकाने आता कालबाह्य म्हणून नोंदवलेत, तारखेचा मात्र चालू आहे. म्हणून ठिकाणाची ओळ दिसेल या भरवशावर राहू नये, एवढंच म्हणतो.

जुनीफीत, तुमच्यासाठी खरा उपाय साधा आहे. प्रेक्षकाने वाचायलाच हवं ते शीर्षकात आणि वर्णनाच्या अगदी पहिल्या ओळीत लिहा. वर्णनाचा सुरुवातीचा भागच न उघडता दिसतो, म्हणून आभार आणि दुवे खाली ढकला. रकान्यातली तारीखही राहू द्या, उद्या कुणी या नोंदी गोळा केल्या तर यंत्राला वाचता येईल अशी ती एकच जागा आहे. व्हिडिओच्या पहिल्या पाच सेकंदांत तारखेची पाटी असती तर दुसरीकडे शेअर झाल्यावरही ती सोबत गेली असती, पण त्यासाठी पुन्हा अपलोड करावं लागेल आणि आलेल्या प्रतिक्रिया जुन्या व्हिडिओवर राहतील.

जुनीफीत
प्रतिक्रिया सोडवत नाहीत, दोन जणांनी आजीला ओळखलंय. सहाही भागांत शीर्षकाच्या शेवटी "१९९८" जोडलं आणि पहिली ओळ अशी केली: "चित्रीकरण १७ मे १९९८, वडिलांच्या हँडीकॅमवर. आजीचं निधन २००३ मध्ये झालं." विचारणाऱ्यालाही उत्तर लिहिलं. पाटी सातव्या भागापासून घालेन.

सरळरेघ, तुमची निळी ओळ मात्र माझ्या सहापैकी फक्त तिसऱ्या भागावर दिसतेय, बाकी पाचांवर नाही. ठिकाण सगळीकडे एकच भरलंय. हे का, कुणाला माहीत असेल तर सांगा.