सोसायटी रनर्स ग्रुप: 5 किमीच्या लॅपवरून 10 किमीची वेळ

*ए-402:* स्टॉपवॉचच्या वहीचा फोटो टाकलाय. ट्रॅक 400 मीटरचा, पळालो 5 किमी. बारा ओळींची सरासरी 2:11 येतेय. रविवारी 10 किमीला काय धरू?
1:58, 2:03, 2:05, 2:06, 2:07, 4:14, 2:07, 2:08, 2:09, 2:08, 2:07, 1:00. एकूण 26:12.

*सी-103:* दादा, ओळी बारा असल्या तरी फेऱ्या साडेबारा आहेत. सहाव्या ओळीत 4:14 म्हणजे बटण एकदा दाबलंच गेलं नाही, त्यात दोन फेऱ्या आल्या. शेवटचा 1:00 हा 200 मीटरचा. म्हणून ओळींनी भागायचंच नाही. 26:12 म्हणजे 1572 सेकंद, भागिले 12.5, येतात 125.8. खरी सरासरी 2:06.

*बी-601:* फोटोत दुसरी ओळ मला 2:08 वाटतेय. 3 की 8?

*सी-103:* शेजारचा एकूण वेळेचा रकाना बघा ताई. तिथे दुसऱ्या ओळीत 4:01 आहे. त्यातून 1:58 वजा केले की 2:03. पुसट आकड्याला हाच इलाज. फक्त त्या रकान्याची सरासरी काढू नका, तो चढताच असतो.

*ए-402:* मोबाइलवर 26.12 ÷ 5 केलं तर किलोमीटरला 5.22 आलं.

*सी-103:* ते 5:22 नव्हे. 26.12 मधले 12 सेकंद आहेत, कॅल्क्युलेटरने ते शतांश धरले. 1572 ÷ 5 = 314 सेकंद, म्हणजे 5:14.

*बी-601:* मग 10 किमीला सरळ दुप्पट, 52:24?

*सी-103:* नाही, अंतर वाढलं की वेग थोडा उतरतोच. पीट रीगल यांचं सूत्र वापरा: जुनी वेळ गुणिले अंतराच्या गुणोत्तराचा 1.06 वा घात. शीटमध्ये हे टाका आणि सेलला वेळेचा फॉरमॅट द्या:

```
="0:26:12"*(10/5)^1.06
```

उत्तर साधारण 54:38, म्हणजे किलोमीटरला 5:28.

*डी-205:* त्याच सूत्राने हाफ मॅरेथॉन 2:00:31 येते.

*सी-103:* येते काका, पण त्यावर विसंबू नका. 5 वरून 21 ही उडी मोठी आहे. आठवड्याचा लांब रन 8-10 किमीच असेल, तर शेवटच्या पाच किमीत पाय साथ सोडतात. हाफसाठी 10 किमीची ताजी वेळ घ्या. आणि 5 किमी पूर्ण जोर लावून पळालेले हवेत, गप्पा मारत नाही. ऊन आणि चढ सूत्राला कळत नाहीत.

*बी-601:* दादा दुसऱ्या लेनमध्ये पळाले असतील तर?

*सी-103:* तिथे फेरी साधारण 407 मीटरची. साडेबारा फेऱ्यांत 88 मीटर जास्त होतात, मग भाकीत जवळजवळ मिनिटभर खाली येईल. दादा, लेन कुठली होती?

*ए-402:* पहिलीच.

*सी-103:* मग 54:38 धरा. पहिली फेरी 1:58 म्हणजे किलोमीटरला 4:55 चा वेग, तो रविवारी नको. पहिले दोन किमी 5:30 ने काढा.